मटण वातड का राहतं? शिट्ट्या, मंद आच आणि कच्च्या पपईचा हिशोब

गटारीच्या आधीचा रविवार असला की घणसोली असो, बेलापूर असो की ठाण्यातला कोपरी-कळवा भाग, मटणाच्या दुकानांपुढे सकाळी सातलाच रांगा लागलेल्या असतात. दुपारी दीडच्या सुमाराला त्यातल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न उभा राहतो: नऊ शिट्ट्या झाल्या, तरी तुकडा तुटत का नाही? कुणी म्हणतं दुकानदाराने जून बोकड गळ्यात मारला, कुणी म्हणतं मीठ आधी पडलं, कुणाला वाटतं पपई लावायला हवी होती. मग आणखी चार शिट्ट्या काढल्या जातात आणि मांडीचे तुकडे रेषारेषांनी सुटतात, नळी मात्र तशीच चिवट राहते.

हे टाळता येतं. त्यासाठी मटण कशामुळे कडक असतं ते आधी समजून घ्यावं लागतं, कारण कडकपणा एका प्रकारचा नसतो आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

केरसुणी डोळ्यांपुढे आणा

मटणाचा तुकडा म्हणजे एक छोटी केरसुणी समजा. केरसुणीच्या काड्या म्हणजे मांसाचे धागे. त्या काड्यांना घट्ट बांधून ठेवणारी सुतळी म्हणजे कोलॅजन. कोलॅजन हा धाग्यांभोवती आणि स्नायूंच्या टोकांना असलेला पांढरट, चिवट पदार्थ. कच्च्या मटणात नळीच्या टोकाशी, सीन्यात, मानेत आणि गुडघ्याजवळ तो पांढऱ्या पडद्यासारखा सहज दिसतो. बोकडाचा जो भाग जास्त राबलेला असतो, तिथे सुतळी जास्त. वय वाढतं तशी ती अधिक पक्की होत जाते. कोवळ्या बोकडाचं मटण लवकर शिजतं आणि जून बोकडाचं शिजत नाही, ते याच कारणाने.

गरम व्हायला लागल्यावर काड्या आणि सुतळी उलटसुलट वागतात. धागे ५० अंशांच्या पुढे आक्रसू लागतात आणि ६५-७० अंशांपर्यंत आपल्यातलं पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून झाकण ठेवून परतताना मटणाला भरपूर पाणी सुटतं. सुतळीचं काम मात्र सावकाश चालतं. ओल्या उष्णतेत ७० अंशांच्या पुढे कोलॅजन हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. बोटाला चिकटणारा, रश्शाला दाटपणा देणारा लुसलुशीत पदार्थ तो हाच. याला उष्णता लागते तितकाच वेळही लागतो.

म्हणजे शिजायला ठेवल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मटण कच्च्यापेक्षाही कडक होतं. धागे आवळलेले असतात आणि सुतळी अजून सुटलेली नसते. याच टप्प्यावर झाकण उघडून ‘हे काही शिजायचं नाही’ असं म्हणणारे बहुतेक जण फक्त अर्ध्या वाटेवर असतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. मानेतली पिवळसर, रबरासारखी जाड दोरी आणि मांडीवरची चकचकीत चांदीसारखी पापुद्री यांत वेगळा लवचीक पदार्थ भरपूर असतो. मानेतली दोरी कुकरमध्येही विरघळत नाही, पापुद्री चिवटच राहते आणि तुकड्याला आवळून वाकडं करते. कापतानाच सुरीने दोन्ही काढून टाका. अर्धा तास जास्त शिजवून त्यांत फरक पडत नाही.

सकाळी कापलेलं, दुपारी शिजवलेलं

‘ताजं मटण सगळ्यात मऊ’ अशी आपली पक्की समजूत आहे आणि नेमकी रविवारी तीच नडते. जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठ होतात. बोकडाच्या बाबतीत हा ताठरपणा त्याच दिवशी चढतो आणि उतरायला साधारण एक दिवस जातो. पहाटे कापलेलं मटण आठला घरी येतं आणि अकराला कुकरमध्ये चढतं, म्हणजे ते ऐन ताठर अवस्थेत शिजायला लागतं.

रश्शाचं मटण लांब आणि पाण्यात शिजतं, त्यामुळे त्यातला हा ताठरपणा बराचसा निघून जातो. थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच. तव्यावरच्या किंवा निखाऱ्यावरच्या प्रकारांत मात्र तो तसाच ताटात येतो. शक्य असेल तर शनिवारी मटण आणा, झाकणाच्या पसरट डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि रविवारी शिजवा. मटण हाताला अजून कोमट लागत असेल तर ते थेट फ्रीझरमध्ये कोंबू नका. ताठर होण्याआधीच एकदम गार पडलेले धागे जास्तच आखडतात. जाळीच्या टोपलीत झाकून अर्धा-पाऊण तास निवू द्या आणि मग फ्रिजमध्ये ठेवा.

दुकानात बोकडाचं वय विचारण्यापेक्षा हाडं बघा. कोवळ्या बोकडाच्या फासळ्या बारीक असतात आणि हाडाचा कापलेला भाग लालसर दिसतो. जून बोकडाचं हाड जाड, पांढरं आणि टणक असतं, मांस गडद लाल दिसतं आणि त्याचे धागे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील इतके जाडे असतात. हे एकदा पाहून ठेवलं की घरी किती मिनिटं लावायची याचा अंदाज तिथेच येतो.

शिट्टी म्हणजे मिनिटं नव्हेत

पातेल्यात पाणी कितीही दणदणीत आचेवर उकळलं तरी ते १०० अंशांच्या आसपासच राहतं. ठाणे, नवी मुंबई समुद्राच्या पातळीला असल्याने इथे हा आकडा जवळजवळ पूर्ण मिळतो. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि तिथे पातेल्यातलं मटण जास्त वेळ घेतं. कुकर वाफ कोंडतो, आतला दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या जवळ जातं. ही २० अंशांची वाढ किरकोळ वाटते, पण कोलॅजन विरघळण्याचा वेग तिने कितीतरी पट वाढतो. पातेल्यात दीड-दोन तास घेणारं मटण कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत होतं ते त्यामुळे.

आता शिट्टी. आतला दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की वजन उचललं जातं आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. शिट्टी सांगते एवढंच की दाब पूर्ण झाला आणि आच गरजेपेक्षा मोठी आहे. मोठ्या आचेवर तीन लिटरचा कुकर दर मिनिटाला शिट्टी देईल. त्याच आचेवर साडेसात लिटरचा अर्धा भरलेला कुकर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेईल. आच अगदी मंद ठेवली तर दहा मिनिटांत एकही शिट्टी होणार नाही आणि तरी आतला दाब आणि उष्णता जवळपास तितकीच असेल. म्हणून ‘आमच्याकडे सात शिट्ट्यांत होतं’ हे खरं असलं तरी ते त्या घरातल्या शेगडीचं आणि त्या कुकरचं माप आहे. शेजारच्या स्वयंपाकघरात त्याच सात शिट्ट्या म्हणजे आठ मिनिटंही असू शकतात आणि तीसही.

मोठ्या आचेवर भराभर शिट्ट्या काढण्यात आणखी एक तोटा आहे. प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी जातं, तळ लागण्याची भीती वाढते आणि मसाल्याचा वास खोलीभर पसरतो, म्हणजे तेवढा तो रश्शातून कमी होतो.

पद्धत सोपी आहे: पहिली शिट्टी होईपर्यंत मोठी आच, मग आच एकदम बारीक, आणि तिथून घड्याळ लावायचं.

एक किलो मटण, पाच लिटरचा कुकर

समजा, घणसोलीच्या बाजारातून एक किलो मिक्स मटण आणलंय: मांडी, फरा, सीना, मानेचे दोन तुकडे आणि दोन नळ्या. बोकड दीड-दोन वर्षांचा, म्हणजे अगदी कोवळा नाही आणि फार जूनही नाही. सोबत दीडशे ग्रॅम कलेजी.

कलेजी आधी वेगळी काढा. तिच्यात सुतळीच नाही, त्यामुळे जास्त शिजवून ती मऊ होत नाही, उलट दाणेदार आणि कोरडी होते. रस्सा तयार झाल्यावर शेवटी पाच-सहा मिनिटं उकळी तिला पुरते.

बाकीच्या मटणाला दोन चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि दोन पोह्याचे चमचे आलं-लसूण वाटण चोळून अर्धा-एक तास ठेवा. कुकरमध्ये तेलावर दोन कांदे गुलाबी करा, मटण घाला आणि मोठ्या आचेवर परता. पाचेक मिनिटांत पाणी सुटेल. ते निम्मं आटून तुकड्यांचा रंग बदलेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, परतत राहा. आता अर्धा लिटर कडकडीत गरम पाणी घाला. तुकडे जेमतेम बुडायला हवेत. कुकरमध्ये वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून यापेक्षा जास्त पाणी घातलं तर रस्सा पुळचट होतो. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरता कामा नये.

खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि बटाटा आत्ता घालू नका. दाट वाटण तळाला बसून लागतं आणि उसळून शिट्टीच्या नळीत अडकू शकतं. मटण शिजेपर्यंत बटाट्याचा लगदा होईल. दोन्ही नंतर.

झाकण लावा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ बघा. अशा बोकडाला वीस मिनिटं द्या. अगदी कोवळ्याला बारा ते पंधरा पुरतात, जून असेल तर पंचवीस ते तीस लागतात. गॅस बंद करून कुकर आपणहून गार होऊ द्या, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतील. घाई करून वजन उचलू नका, कुकर नळाखालीही धरू नका. दाब अचानक उतरला की तुकड्यांच्या आतलं १०० अंशांच्या वरचं पाणी एकदम उकळून बाहेर फेकलं जातं आणि मऊ झालेलं मटण कोरडं पडतं. रस्सा तोंडावर उसळण्याचा धोका आहे तो वेगळाच. शिवाय ही दहा-पंधरा मिनिटं शिजण्यातच मोजायची असतात.

उघडल्यावर एकच तुकडा तपासायचा असेल तर नळी तपासा. आपल्या या किलोत बहुधा असं दिसेल की मांडीचे आणि फऱ्याचे तुकडे चमच्याने तुटतात, सीनाही झालाय, पण नळीचं मांस हाडाच्या टोकाशी अजून चिकटून आहे आणि मानेचा तुकडा दाबला की परत फुगतो. इथे सगळ्यांना पुन्हा झाकण लावू नका. झालेले तुकडे झाऱ्याने काढून, वर पळीभर रस्सा घालून झाकून ठेवा. नळी आणि मान उरलेल्या पाण्यात आणखी सहा-सात मिनिटं बारीक आचेवर लावा आणि तसाच दाब उतरू द्या. मग सगळं एकत्र करून वाटण आणि बटाटे घाला आणि झाकण न लावता पंधरा मिनिटं उकळा, म्हणजे वाटणाचा कच्चेपणा जातो, तेल वर येतं आणि रस्सा हवा तेवढा दाट करता येतो.

वीस मिनिटांनंतरही काहीच मऊ झालेलं नसेल तर मटणाला दोष देण्याआधी कुकर बघा. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत पहिली शिट्टी आली नाही, झाकणाच्या कडेने पाण्याचे थेंब ओघळत असले किंवा कडेने सतत सुस्कारे येत असले, तर रबर सैल झालंय. दाब चढलाच नाही. तो सारा वेळ मटण साध्या पातेल्यात शिजल्यासारखंच शिजत होतं.

मग चुलीवरच्या मटणाची चव कुकरला का येत नाही?

ही तक्रार खरी आहे. उघड्या किंवा सैल झाकलेल्या पातेल्यात पाणी सतत आटतं, रस घट्ट होत जातो आणि कडेला चिकटलेला मसाला पुन्हा पुन्हा खरवडून रश्शात जातो. बंद कुकरात यातलं काही होत नाही. कुकरमधून काढल्यावर पंधरा मिनिटं उघडं उकळायचं ते याचीच थोडीफार भरपाई म्हणून. वेळ असेल तर मात्र मंद आच हाच उत्तम मार्ग आहे, आणि त्यात चूक झाली तरी सावरता येते. कुकरमध्ये पाच मिनिटं जास्त झाली की मांडी हातची गेली. पातेल्यात अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही.

जाड बुडाचं पातेलं घ्या. परतण्यापर्यंत सगळं तसंच. मग तुकडे बुडून दोन बोटं वर राहील इतकं गरम पाणी घाला, एक उकळी आणा आणि आच इतकी कमी करा की कडेला अधूनमधून एखाद-दुसरा बुडबुडा यावा. खळखळ उकळल्याने उष्णता वाढत नाही, १०० च्या पुढे ती जातच नाही. फक्त तुकडे एकमेकांवर आपटून बाहेरून विसकटतात, चरबी रश्शात घुसळली जाऊन तो गढूळ होतो आणि पाणी भराभर आटतं.

पातेल्यावर झाकण म्हणून पाण्याने भरलेलं खोलगट ताट ठेवण्याची आपल्याकडची रीत फार शहाणपणाची आहे. वाफ ताटाच्या थंड बुडाला लागून परत थेंबांनी खाली पडते, त्यामुळे पाणी कमी आटतं. वरचं पाणी तोवर चांगलं तापतं आणि रस्सा कमी झाला की तेच आत ओतायचं. ‘थंड पाणी घातलं की मटण दगड होतं’ असं म्हणतात, ते शब्दशः खरं नाही. थंड पाण्याने पातेल्याची उष्णता खाली येते, ती परत चढेपर्यंत कोलॅजनचं विरघळणं मंदावतं आणि तेवढा वेळ वाया जातो. दर वीस मिनिटांनी पेलाभर थंड पाणी घालणाऱ्याचं मटण शिजता शिजत नाही ते म्हणूनच.

वेळ किती? कोवळं असेल तर एक ते सव्वा तास, आपल्या दीड-दोन वर्षांच्या बोकडाला पावणेदोन ते दोन तास, जूनला अडीचच्या पुढे. पाऊण तासानंतर एकदा तपासा आणि पुढे दर पंधरा मिनिटांनी.

कच्ची पपई काड्या कापते

कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात पपेन नावाचं पाचक द्रव्य असतं. आपल्या पोटात अन्न पचवणारी द्रव्यं जे करतात, तेच ते मांसावर करतं, म्हणजे त्याचे धागे बारीक बारीक तोडतं. मघाच्या केरसुणीत सांगायचं तर उष्णता सुतळी सोडवते आणि पपई मुख्यतः काड्याच कापत सुटते. थंड मटणातल्या कोलॅजनवर तिचा जोर फारसा चालत नाही. त्यामुळे जून बोकडाच्या नळीवर आणि सीन्यावर पपई हा उपाय नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. पपईचं खरं काम आहे बिनहाडाच्या मांडीचे तुकडे, पसंदे, सीख किंवा तव्यावरचं सुकं मटण, म्हणजे जे थोड्या वेळात आणि कमी पाण्यात शिजणार आहे त्यावर.

पपई हिरवीगार आणि टणक हवी. सालीवर सुरीची रेघ ओढली की पांढरा चीक टपकला पाहिजे. आत केशरी छटा आलेल्या पपईत पपेन अगदीच कमी उरतं. चीक सालीलगत सर्वात जास्त असतो, म्हणून साल स्वच्छ धुऊन सालीसकट वाटा. हाताला हा चीक चुरचुरतो, चमच्यानेच काम करा. लेटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पपईपासून लांबच राहावं.

एक किलो बिनहाडाच्या मटणाला एक पोह्याचा चमचा वाटण पुरतं, फार तर दीड. ते दही, मीठ आणि मसाल्यात नीट कालवून मगच लावा. वाटणाचे गोळे जिथे राहतील तिथे मटणाचा लगदा होतो. बाहेर ठेवणार असाल तर अर्धा-पाऊण तास, फ्रिजमध्ये दोन ते तीन तास. रात्रभर कधीही नाही. पपेन आत फार खोल शिरत नाही, काही मिलिमीटरच जातं. जास्त वेळ ठेवल्याने मधला भाग मऊ होत नाही, बाहेरचाच थर पिठासारखा होत जातो. सुरीच्या टोकाने किंवा काट्याने तुकड्यांना टोचलं तर वाटण आत पोचायला मदत होते.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक कृतींत सांगितलेली नसते: पपेनचं बरंचसं काम पातेल्यातच होतं. खोलीच्या उष्णतेत ते रेंगाळतं, ५० ते ७० अंशांत झपाट्याने चालतं आणि उकळीच्या जवळ काही मिनिटांत निकामी होतं. म्हणून ‘लावून ठेवलं तेव्हा तर ठीक वाटत होतं, तव्यावर जाताच विस्कटलं’ असं होतं. मटण तापत असतानाच पपई सर्वात जोरात होती. मंद आचेवर हळूहळू तापवलं तर तिला जास्त वेळ मिळतो, कडक तापलेल्या तव्यावर टाकलं तर कमी. हे लक्षात घेऊन प्रमाण ठरवा.

याच कारणाने उकळत्या रश्शात कच्च्या पपईची फोड टाकण्याचा काही उपयोग नाही. तिथे पपेन काम सुरू करण्याआधीच संपतं. फोडच टाकायची असेल तर किसून, गार पाण्यात, अगदी सुरुवातीला टाका. आणि पपई लावलेलं मटण वीस मिनिटं कुकरला लावू नका. बाहेरून खिम्यासारखा गाळ आणि आत धागे, असं काहीतरी हाती येतं.

मीठ, सुपारी आणि इतर सल्ले

मीठ आधी घातलं की मटण वातड होतं, हे खरं नाही. आधी लावलेलं मीठ धाग्यांत शिरतं आणि शिजताना त्यांना जास्त पाणी धरून ठेवायला मदत करतं. फक्त कुकरच्या रश्शात पाणी आटत नाही आणि पातेल्यात आटतं, तेव्हा पातेल्यात सुरुवातीला थोडं हात राखून घाला.

जून मटणात सुपारीचं खांड टाकायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. सुपारीत मांस तोडणारं पपेनसारखं काही नाही. तिच्यातल्या तुरट द्रव्यांचा स्वभाव उलट मांसाला आवळण्याचा आहे, तुरट सालींनी चामडं कमावतात ते याच गुणावर. सुपारी टाकणारी बाई मटण जून आहे हे ओळखूनच ती टाकते आणि मग त्याला तासभर जास्त शिजवते. काम त्या तासाने केलेलं असतं.

दही मटणाला बाहेरून हलकं मऊ करतं आणि पपईसारखं हाताबाहेर जात नाही. रात्रभर ठेवायचं असेल तर दहीच लावा.

शिजलं हे कसं ओळखायचं

रंगावर जाऊ नका, हळद-मसाल्यात तो कळतही नाही. रश्शाच्या वासावरून आणि वर आलेल्या तेलावरून मसाला शिजल्याचं कळतं, मटणाचं नाही. आणि सगळ्यात मऊ तुकडा चाखून निर्णय घेऊ नका. मांडीचा मधला तुकडा नेहमीच आधी होतो.

नळीकडे बघा. मांस हाडाच्या टोकापासून बोटाच्या पेराएवढं मागे सरलं असेल आणि हाड हलकेच फिरवलं तर मांसातून सुटत असेल, तर झालं. मग सीन्याचा किंवा मानेचा तुकडा पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला दाबा. शिजलेला तुकडा दबतो आणि धाग्यांच्या रेघेत फाटतो. कच्चा तुकडा दबतो आणि रबरासारखा परत वर येतो. तिसरी खूण तुकड्यावरच्या पांढऱ्या पडद्याची: तो अपारदर्शक, दोरीसारखा असेल तर अजून वेळ आहे. काचेसारखा झाला असेल, बोटांत धरून चोळल्यावर बोटं एकमेकांना चिकटत असतील, तर सुतळी सुटली आहे.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो कमी शिजलेलं आणि जास्त शिजलेलं यांत. दोन्ही चावायला त्रासच देतात. फरक असा की कमी शिजलेला तुकडा दातांना लवचीक लागतो, एकसंध राहतो आणि दाबला की परत फुगतो. जास्त शिजलेला तुकडा बोटाने सहज सुटतो, पण सुटलेले धागे कोरडे, खरखरीत असतात आणि तोंडात गोळा होऊन बसतात. पहिल्याला आणखी वेळ द्यायचा. दुसऱ्याला आणखी पाच शिट्ट्या दिल्या तर तो अधिकच कोरडा होईल. त्याला गरम रश्शात बुडवून, गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवा. गेलेलं सगळं पाणी परत येत नाही, पण धाग्यांभोवती जिलेटिनचा ओलावा बसतो आणि खाण्याजोगं होतं. तेही जमलं नाही तर धागे सोडवून कांद्या-मसाल्यावर कोरडं परता, भाकरीबरोबर चांगलं लागतं.

उरलेला रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवलात तर सकाळी तो बघा. वरची चरबी बाजूला केल्यावर खालचा रस्सा जेलीसारखा थरथरत असेल, तर सुतळी पूर्ण विरघळून रश्शात आली होती. तो पाण्यासारखा पातळच राहिला असेल, तर पाणी जास्त झालं होतं किंवा मटणाला वेळ कमी पडला होता. तुकडेही चिवट असतील, तर पुढच्या वेळी त्याच दुकानाच्या तशाच मटणाला पाच-सात मिनिटं वाढवा. परत गरम करताना खळाखळा उकळू नका. मंद आचेवर ती जेली आधी विरघळू द्या, एक उकळी आणा आणि उतरवा.